फोटोवरून रानअळंबी ओळखू नका: तज्ज्ञाच्या हाती नमुना नेमका कसा द्यायचा

गवतात एक पांढरी छत्री उगवलेली दिसते. उभ्या उभ्या वरून एक फोटो निघतो, तो चार जणांना जातो आणि प्रश्न एकच असतो: "ही खायची का?" उत्तर देणाराही कुणीतरी भेटतोच. त्या फोटोत दिसते फक्त टोपीची वरची बाजू, आणि ओळखीच्या दृष्टीनं अळंबीचा सगळ्यात फसवा भाग तोच. जिच्यावरून निर्णय होतो ती खूण मातीखाली असते, टोपीच्या खाली असते किंवा रात्रभर थांबल्याशिवाय दिसतच नाही.

या लेखात मी एकाच गटाबद्दल बोलणार आहे: पांढरट टोपीची, टोपीखाली पाती असलेली अळंबी. सर्वाधिक घातक गोंधळ इथेच होतात. हे सगळे टप्पे नमुना तज्ज्ञाला नीट देता यावा यासाठी आहेत, घरच्या घरी "चालेल" असा निकाल लावण्यासाठी नाहीत.

आधी अवयवांची नावं ठरवून घेऊ. वर टोपी, तिच्याखालच्या कागदासारख्या पातळ पाती म्हणजे गिल्स, मधला देठ, देठाभोवती कधीकधी असणारं कडं, आणि देठाच्या अगदी तळाशी काही जातींत असणारी पिशवी. ही पिशवी म्हणजे कोवळ्या अळंबीला झाकणाऱ्या आवरणाचा उरलेला भाग.

## फोटोत काय हरवतं

पहिला बळी रंगाचा. मोबाइल पांढरा रंग स्वतःच्या हिशेबानं दुरुस्त करतो. सावलीत काढलेली फिकट हिरवट टोपी फोटोत पांढरी दिसते आणि पिवळ्या दिव्याखाली पांढऱ्या गिल्स साय धरल्यासारख्या दिसतात. त्यात अळंबी स्वतःही रंग बदलते: उन्हानं टोपी फिकी पडते, पावसानं टोपीवरचे खवले आणि ठिपके धुऊन जातात. डेथ कॅप, म्हणजे ॲमॅनिटा फॅलॉइडिस, ही जगातली सर्वाधिक जीव घेणारी अळंबी. तिची टोपी सहसा पिवळसर हिरवी असते, पण जवळजवळ पांढरीही असू शकते. म्हणून "हिरवी नाही, मग ती नव्हे" हा तर्क टिकत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. फोटो एका क्षणाचा असतो, आणि अळंबीच्या काही खुणा कापल्यावर काही सेकंदांनीच दिसतात व थोड्या वेळानं विरतात. तिसरी गोष्ट म्हणजे वास, देठाचा ठिसूळपणा, बीजाणूंचा आकार. या गोष्टी कॅमेऱ्यात येतच नाहीत.

चूक इथे होते: पुस्तकातल्या चित्राशी फोटो जुळला की लोक थांबतात. जुळणारी जात सापडणं सोपं आहे. तशाच दिसणाऱ्या बाकीच्या जाती एकेक करून बाद करणं हे खरं काम, आणि ते फोटोवरून होत नाही.

## टप्पा १: हात लावण्याआधी

अळंबी उपटली की जागेची माहिती गेली. म्हणून आधी जागा टिपून घ्यावी. ती मातीतून आली आहे, लाकडातून, शेणातून की पालापाचोळ्यातून? लॉनमध्ये उगवलेली दिसली तरी खाली पुरलेलं खोड असू शकतं, तेव्हा बोटानं थोडी माती बाजूला सारून बघा. आसपास कुठली झाडं आहेत तेही लिहा. डेथ कॅप ओकसारख्या झाडांच्या मुळांशी जोडून वाढते. झाड बुंध्यापासून दूर असलं तरी त्याची मुळं पायाखाली पोचलेली असतात, म्हणून नजरेच्या टप्प्यातली सगळी मोठी झाडं नोंदवलेली बरी.

शक्य असेल तर एकाच जागची वेगवेगळ्या वयाची दोन-तीन अळंबी घ्या: एक कळीच्या अवस्थेतली, एक पूर्ण उघडलेली आणि एक जून. कोवळ्या अळंबीत कडं आणि पिशवी शाबूत असते, जून अळंबीत गिल्सचा शेवटचा रंग कळतो. एकाच नमुन्यात दोन्ही मिळत नाहीत.

तपासा: शेजारी उगवलेली दुसरी अळंबी त्याच जातीची असेलच असं नाही. दोन हातांच्या अंतरात दोन जाती सहज असतात. शंका असेल तर वेगळ्या पिशवीत ठेवा.

## टप्पा २: उपटू नका, उकरा

सगळ्या टप्प्यांत सर्वाधिक चुकतो तो हाच, आणि जिवावर बेततो तोही हाच.

देठ धरून ओढला की तो जमिनीलगत तुटतो, किंवा पिशवी मातीतच राहते. वर हातात येते एक साधी, निरुपद्रवी दिसणारी अळंबी. सुरीनं देठ कापून घेण्याची सवय असणाऱ्यांचं तर हमखास असं होतं. ॲमॅनिटा वंशाची मुख्य खूण त्यांनी स्वतःच जमिनीत पुरून ठेवलेली असते.

छोटं खुरपं किंवा जाड पात्याची सुरी देठापासून दोन-तीन बोटं लांब मातीत खुपसा आणि अळंबी मातीच्या ढेकळासकट उचला. मग ढेकूळ हातात धरून बोटांनी हळूहळू माती सोडवा. पाण्यानं धुवू नका, कारण नाजूक पिशवी फाटते. देठाचा तळ गोल कांद्यासारखा फुगलेला आहे का? त्याभोवती पातळ पांढऱ्या कातडीचा, वरून फाटलेला कप आहे का? पिशवी मातीच्या रंगाची होऊन कणांना चिकटलेली असते, म्हणून घाईत ती पालापाचोळ्याचा तुकडा वाटते. मातीबरोबर सुटून पडणारी प्रत्येक पांढरी चिंधी जपून ठेवा.

सावध: पिशवी नाही म्हणून अळंबी सुरक्षित, असं नाही. ॲमॅनिटाच्या काही जातींत पिशवीचे फक्त कडीसारखे खवले उरतात. गॅलेरिना मार्जिनाटा या छोट्या तपकिरी अळंबीत पिशवी नसतेच, तरी डेथ कॅपमधली जीवघेणी विषं तिच्यातही असतात.

विषारी अळंबीला हात लावल्यानं विषबाधा होत नाही. विष पोटात जावं लागतं. त्यामुळे घाबरून चिमट्यानं उचलण्याची गरज नाही. काम झाल्यावर हात धुवा, सुरी स्वयंपाकघरात परत नेऊ नका, इतकंच.

## टप्पा ३: उभा छेद, आणि समोर घड्याळ

एक अळंबी टोपीच्या मध्यापासून देठाच्या तळापर्यंत उभी चिरा. आता तीन गोष्टी बघायच्या.

पहिली म्हणजे गिल्स देठाला कुठे मिळतात. त्या देठापर्यंत पोचण्याआधीच थांबतात, देठाला चिकटतात की देठावरून खाली उतरतात? वरून किंवा तिरक्या कोनातून घेतलेल्या फोटोत हे नीट दिसत नाही, छेदात लगेच दिसतं.

दुसरी गोष्ट कळीच्या अवस्थेतली. मातीतून नुकताच डोकावणारा पांढरा गोळा बघून लोक त्याला पफबॉल समजतात, म्हणजे गोळ्याच्या आकाराची, देठ-टोपी नसलेली अळंबी. गोळा उभा चिरा. कोवळा पफबॉल आत सलग पांढरा आणि एकजीव असतो. ॲमॅनिटाची कळी असेल तर आत इवलीशी टोपी, गिल्स आणि देठ यांची रेखाकृती उमटलेली दिसते. न चिरलेल्या गोळ्याच्या फोटोवरून नाव सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

तिसरी गोष्ट रंग बदलण्याची, आणि इथे घड्याळ लागतं. अगॅरिकस झँथोडर्मस ही अळंबी दुकानात मिळणाऱ्या बटण मशरूमच्याच वंशातली. टोपी पांढरी, गिल्स आधी गुलाबी मग चॉकलेटी, देठावर कडं. फोटोत तिला खाण्याच्या जातींपासून वेगळं काढणं कठीण. पण देठाचा अगदी तळ चिरा आणि बघत राहा. काही सेकंदांत तिथलं मांस भडक पिवळं होतं. टोपीची कड नखानं खरवडली तरी तसाच डाग उठतो. थोड्या वेळात तो पिवळा रंग मळून तपकिरी होतो. चिरून, मांडून, उजेड शोधून मग फोटो काढणाऱ्याच्या हाती तो तपकिरी डागच येतो. जोडीला शाई किंवा फिनेलसारखा वास असतो. ही जात पोट चांगलंच बिघडवते.

म्हणून चिरल्याबरोबर, मिनिटाभरानं आणि दहा मिनिटांनी काय दिसलं ते वेळेसकट लिहा. देठाचा तळ वेगळा चिरा, कारण बदल बहुतेकदा तिथेच ठळक असतो.

सावध: चव घेऊन बघू नका. काही वंशांत तज्ज्ञ कणभर तुकडा जिभेवर ठेवून थुंकून टाकतात, पण तोवर त्यांनी वंश पक्का केलेला असतो.

## टप्पा ४: बीजाणूंचा ठसा

गिल्सचा रंग आणि बीजाणूंचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोवळ्या वयात अनेक जातींच्या गिल्स पांढऱ्या किंवा फिकट असतात. बीजाणू पिकले की खरा रंग कळतो. तो मिळवायचा असा:

१. पूर्ण उघडलेली टोपी घ्या आणि देठ टोपीलगत कापा. मिटलेली कळी ठसा देत नाही.

२. स्वच्छ काचेवर किंवा पारदर्शक प्लास्टिकवर टोपी ठेवा, गिल्स खाली. काच नसेल तर अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या. नुसत्या पांढऱ्या कागदावर पांढरे बीजाणू दिसत नाहीत आणि लोक "ठसा आलाच नाही" म्हणून मोकळे होतात.

३. टोपीवर पाण्याचा एक थेंब टाका आणि वर वाडगं उपडं घाला, म्हणजे वारा लागणार नाही आणि टोपी सुकणार नाही.

४. रात्रभर राहू द्या. ताजी अळंबी पाच-सहा तासांतही ठसा देते, पण पातळ थराचा रंग फसवतो.

५. सकाळी टोपी उचला. पातळ ठसा पात्यानं खरवडून एका जागी छोटी ढिगोळी करा, आणि तिचा रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा.

तपासा: ठसा ओला, चिकट किंवा डागाळलेला असेल तर तो बीजाणूंचा नसून कुजणाऱ्या टोपीचा रस असू शकतो. खरा ठसा कोरडा आणि पिठूळ असतो, आणि त्यात गिल्सच्या रेघा उमटलेल्या दिसतात.

हा ठसा टाकू नका. सुकवून, घडी घालून तज्ज्ञाला द्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला यातलेच पिकलेले बीजाणू लागतात.

## एक उदाहरण: एकाच फोटोतल्या चार शक्यता

समजा फोटो असा आहे: गवतात पांढरी टोपी, तळहाताएवढी, कडा किंचित वाकलेली, खाली देठ, बाकी काही दिसत नाही. याला निदान चार उत्तरं बसतात: अगॅरिकस वंशातली एखादी जात, क्लोरोफिलम मॉलिब्डाइटिस, व्होल्वारिएला वंशातली एखादी जात, आणि ॲमॅनिटा.

आता टप्पे लावू. उकरून काढल्यावर तळाशी पिशवी आहे. अगॅरिकस आणि क्लोरोफिलम तिथेच मागे पडतात, कारण त्यांना अशी पिशवी नसते. उरतात व्होल्वारिएला आणि ॲमॅनिटा. व्होल्वारिएलात पिशवी असते पण देठावर कडं नसतं. आपल्या नमुन्यातही कडं दिसत नाही. इथे बरेच जण हुश्श करतात, आणि चुकतात. ॲमॅनिटाचं कडं नाजूक असतं, हाताळताना किंवा पावसात गळून पडतं. कडं "आहे" हा पुरावा चालतो, कडं "नाही" हा पुरावा फारच कच्चा.

मग ठसा. व्होल्वारिएलाचा ठसा गुलाबी येतो, ॲमॅनिटाचा पांढरा. पण दोघींच्याही कोवळ्या गिल्स पांढऱ्याच असतात, त्यामुळे रात्रभर थांबण्यावाचून इलाज नाही. सकाळी काचेवर पांढरी पिठूळ ढिगोळी. पिशवी आणि पांढरा ठसा हे एकत्र आलं की तज्ज्ञ घरच्यांना पहिलं वाक्य सांगतो ते म्हणजे "यातलं काही कुणी खाल्लं आहे का?"

हा गोंधळ पुस्तकी नाही. पूर्व आणि दक्षिण-पूर्व आशियात व्होल्वारिएला वोल्वासिया आवडीनं खाल्ली जाते. तिथून ऑस्ट्रेलियात आणि उत्तर अमेरिकेत गेलेल्या लोकांना तिच्यासारखीच दिसणारी डेथ कॅप भेटली आणि विषबाधा झाल्या. डोळ्यांची ओळख त्यांच्या गावी खरी होती, नव्या जागी नव्हती.

तळाशी पिशवी नसती तर? मग उरलेल्या दोघींत ठसाच बोलतो. अगॅरिकसचा गडद चॉकलेटी, क्लोरोफिलम मॉलिब्डाइटिसचा मळकट हिरवा. या क्लोरोफिलमच्या गिल्स बरेच दिवस पांढऱ्या राहतात, हिरवट छटा उशिरा येते, आणि लोक तिला नेमकं त्याआधी तोडतात. ती खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या-जुलाब सुरू होतात. चॉकलेटी ठसा आला तरी काम संपत नाही, टप्पा ३ मधली पिवळी पडणारी जात आठवा.

## टप्पा ५: तरीही फोटो हवेत, पण असे

फोटो टाकाऊ नाहीत, ते नमुन्याच्या सोबतीला लागतात. उगवलेल्या जागेवर एक, टोपीखालच्या गिल्सचा एक, सोललेल्या तळाचा जवळून एक, उभ्या छेदाचा एक आणि ठशाचा एक. प्रत्येकात मोजपट्टी ठेवा. नाणं ठेवू नका, ते किती मोठं हे पाहणाऱ्याला माहीत असेलच असं नाही. फ्लॅश बंद आणि ढगाळ उजेड किंवा सावली. रंग सुधारणारे फिल्टर तर नकोच.

## टप्पा ६: पोचेपर्यंत

प्लास्टिकच्या पिशवीत अळंबीला घाम सुटतो आणि काही तासांत तिचा लगदा होतो. कागदी पिशवी किंवा वर्तमानपत्र वापरा, प्रत्येक नमुना वेगळा, आत चिठ्ठी. एका दिवसात पोचणार नसेल तर एक नमुना उभा चिरून मंद गरम हवेत, साधारण ४० अंशांवर, कुरकुरीत होईपर्यंत सुकवा. सुकलेल्या तुकड्यातूनही सूक्ष्मदर्शकाची आणि डीएनएची तपासणी होते. मात्र ताजेपणीचा रंग आणि वास सुकल्यावर परत मिळत नाहीत, म्हणून टप्पा ३ मधल्या नोंदी सोबत हव्यातच.

## टप्पा ७: तज्ज्ञ पुढे काय बघतो

तो ठशातले बीजाणू काचेवर घेऊन त्यांचा आकार आणि लांबी मोजतो. मग आयोडिनचं मेल्झर नावाचं द्रावण टाकतो. डेथ कॅपचे बीजाणू त्यात निळसर करडे होतात, व्होल्वारिएलाचे होत नाहीत. कधी पोटॅशचं पातळ द्रावण टोपीवर टाकून रंग बघतो. काही वंशांत एवढ्यानंही जात ठरत नाही, तेव्हा डीएनए वाचावा लागतो.

त्यामुळे "अमुक वंश, जात सांगता येत नाही" हे उत्तर आलं तर ते अपुरं समजून दुसऱ्याला विचारत फिरू नका. एवढ्या पुराव्यात तेवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं. आणि ते उत्तर दिलेल्या नमुन्यापुरतं असतं. पुढच्या आठवड्यात त्याच जागी उगवलेल्या अळंबीला ते लागू नाही.

चांदीचा चमचा काळा पडणं, किड्यांनी खाल्लेली असणं, टोपीची साल सहज निघणं या चाचण्यांना काहीही आधार नाही. डेथ कॅपमधली अमाटॉक्सिनं उकळून, तळून, सुकवून किंवा गोठवूनही नष्ट होत नाहीत.

## कुणी खाल्ली असेल तर

लक्षणांची वाट बघू नका, लगेच रुग्णालय गाठा. अमाटॉक्सिनच्या विषबाधेत पहिले सहा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ माणूस ठणठणीत असतो. मग जोराच्या उलट्या-जुलाब होतात, आणि त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटू लागतं. नेमक्या याच काळात आत यकृत निकामी होत असतं. उलट्या थांबल्या म्हणून रुग्णाला घरी ठेवण्याची चूक इथे होते. लवकर उलट्या झाल्या म्हणजे "साधीच असेल" हेही धरून चालू नका. एकाच भांड्यात दोन जाती शिजल्या असतील तर पहिली लवकर त्रास देते आणि दुसरी गुपचूप काम करत राहते.

जाताना डॉक्टरांसाठी हे न्या: न शिजवलेली उरलेली अळंबी, कचऱ्यात टाकलेले देठांचे तळ आणि साली, शिजलेलं उरलेलं अन्न, आणि उलटी झाली असेल तर तीही डबीत. प्रत्येक पुडीवर कच्ची की शिजलेली ते लिहा. पहिला घास किती वाजता घेतला आणि पहिला त्रास किती वाजता सुरू झाला या दोन वेळाही कागदावर लिहून द्या. ज्यांनी ज्यांनी ते अन्न खाल्लं त्या सगळ्यांना सोबत न्या, त्रास एकालाच होत असला तरी.